म्हणा, ‘करिष्ये’!

सीन तुमच्या ओळखीचा आहे. घरात गणपती किंवा सत्यनारायण. तुम्हाला चौरंगासमोर पाटावर बसवलंय. सोवळं नेसायची सवय नाही, त्यामुळे एक हात कमरेच्या गाठीवर. गुरुजी तुमच्या उजव्या तळव्यावर चार अक्षता आणि पळीभर पाणी देतात. मग विचारतात, ‘‘गोत्र?’’ तुम्ही बाबांकडे बघता. बाबा आजीकडे बघतात. उत्तर येतं आणि गुरुजी सुसाट सुटतात. त्यात मधेच ‘गोदावरी’ ऐकू येतं, ‘कलियुगे’ ऐकू येतं, तुमचं नाव ऐकू येतं. शेवटी ते थांबून म्हणतात, ‘‘म्हणा, करिष्ये.’’ तुम्ही ‘करिष्ये’ म्हणता, ताम्हनात पाणी सोडता आणि मोबाइल कुठे ठेवलाय ते शोधायला लागता.

एवढ्या मिनिटभराच्या भागाला संकल्प म्हणतात. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, याच मिनिटावर चार मिनिटांची स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात माझा मावसभाऊ राहतो, त्याच्या सोसायटीच्या मंडळाने मांडवात एलईडी स्क्रीन लावायचा ठरवला होता. आरतीच्या आधी छोटे व्हिडिओ दाखवायचे, एकेका विधीचा अर्थ सांगणारे. बघणारी पब्लिक कोण? ज्यांना हे कधी कुणी शिकवलंच नाही अशी विशी-पंचविशीची पोरं. ब्रीफ एकदम क्लिअर होतं. ‘‘ताई, लेक्चर नको. आणि ‘आमच्या वेळी’ हा शब्द एकदाही नको.’’

कमिटीतल्या एका काकांनी मात्र पहिल्याच मीटिंगला एक आयडिया टाकली. तांब्याची पळी, त्यातलं पाणी, तळव्यावरचे पॉइंट्स, त्यातून निघणारी ऊर्जा वगैरे ‘सायंटिफिक रीझन’ द्या, म्हणजे तरुणांना पटतं. मी नम्रपणे नाही म्हटलं. एक तर असं काही कुणी मोजून दाखवलेलं नाही. दुसरं म्हणजे संकल्पाला अशा उसन्या कारणाची गरजच नाही. तो आपण काय करतोय ते स्वतःच शब्दाशब्दात सांगतो. फक्त संस्कृतात आणि फास्ट फॉरवर्डमध्ये सांगतो, हाच काय तो प्रॉब्लेम. मग स्क्रिप्टचं काम सोपं झालं. स्पीड कमी करायचा.

उदाहरण म्हणून खरीखुरी पूजाच घेतली. 27 ऑगस्ट 2025, बुधवार, गणेश चतुर्थी, वेळ दुपारी बाराच्या आसपास, ठिकाण मावसभावाचं कोथरूडमधलं घर. यजमान तो स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या घरी वर्षानुवर्षं पूजा काका सांगायचे आणि काकाच करायचे, गुरुजी लागायचेच नाहीत. सगळं पाठ. जानेवारीत काकांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. चालणं बऱ्यापैकी परत आलं, बोलणं आलं नाही. कळतं सगळं, पण शब्द निघत नाही. त्यामुळे स्क्रिप्ट मंडळासाठी असली, तरी मावसभावाला ती स्वतःसाठीच हवी होती, हे मला पहिल्या फोनलाच कळलं.

संकल्पाची सुरुवात काळापासून होते. आणि कुठल्या काळापासून, तर ब्रह्मदेवाच्या वयापासून! ब्रह्मदेवाचं आयुष्य त्याच्या हिशोबाने शंभर वर्षं. त्यातली पन्नास संपली, म्हणून ‘द्वितीये परार्धे’, म्हणजे आयुष्याच्या दुसऱ्या अर्ध्यात. त्याचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आपली 432 कोटी वर्षं. आज चालू असलेल्या दिवसाचं नाव श्वेतवाराह कल्प. त्या दिवसात चौदा मनूंच्या पाळ्या असतात. सध्या सातवा मनू वैवस्वत ड्यूटीवर आहे, म्हणून वैवस्वत मन्वंतर. मग कलियुग. ते आहे 4 लाख 32 हजार वर्षांचं आणि पारंपरिक गणिताप्रमाणे 2025 पर्यंत त्यातली 5126 वर्षं झालीत. कलियुगाचे चार भाग केले तर पहिलाच भाग 1 लाख 8 हजार वर्षांचा. म्हणून ‘प्रथम चरणे’. ‘काय कलियुग आलंय’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांना सांगून ठेवते, पिक्चर अजून बाकी आहे.

हे आकडे इतिहास किंवा भूगर्भशास्त्र म्हणून वाचायचे नाहीत, हे स्क्रिप्टमध्ये मी स्पष्ट लिहिलं. ती पुराणांची आणि जुन्या ज्योतिषग्रंथांची कालगणना आहे. पण तिचा क्रम बघा. कोटींपासून सुरू होऊन लाख, हजार, मग थेट या वर्षावर, या महिन्यावर, आजच्या दुपारवर. सॅटेलाइट मॅपवर झूम करत करत आपल्या गल्लीत उतरावं तसं. मावसभावाने या भागाला पडद्यावर नेमकं तेच केलं. आधी काळंभोर आकाश आणि शेवटी भिंतीवरच्या कालनिर्णयवरचा एक चौकोन.

त्या चौकोनातल्या गोष्टी मात्र दर वर्षी बदलतात आणि गडबड इथेच होते. शालिवाहन शक काढायला पाडव्यानंतरच्या इसवी सनातून 78 वजा करा. 2025 वजा 78 म्हणजे 1947. मग संवत्सराचं नाव. ही नावं साठ आहेत, प्रभव पासून क्षय पर्यंत, आणि साठ झाली की पुन्हा पहिल्यापासून. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी उरेल त्या नंबरचं नाव. 1947 अधिक 12 म्हणजे 1959, भागून बाकी 39. एकोणचाळिसावं नाव विश्वावसु. म्हणून ‘विश्वावसुनाम संवत्सरे’. गंमत म्हणजे तुम्ही साठ वर्षांचे झालात की तुमच्या जन्मवर्षाचं नाव परत येतं. साठीशांतीच्या मागे हाच हिशोब आहे.

पुढे दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद महिना, शुक्ल पक्ष, चतुर्थी तिथी. आणि वार? ‘सौम्यवासरे’. हा शब्द ऐकून मावसभाऊ म्हणाला, ‘‘सोमवार कुठून आला? बुधवार आहे ना?’’ बुध हा सोमाचा, म्हणजे चंद्राचा मुलगा, म्हणून त्याला सौम्य म्हणतात. सोमवारला इंदुवासर, मंगळवारला भौमवासर, शुक्रवारला भृगुवासर. संकल्पात वार असे टोपणनावाने येतात. नंतर त्या दिवसाचं नक्षत्र चित्रा, आणि चंद्र कन्या राशीत, सूर्य सिंहेत, गुरू मिथुनेत असल्याची नोंद. हे भविष्य नाही बरं का. आकाशात घड्याळ किती वाजलंय, ते लिहून ठेवणं आहे.

तिथीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. तिथी रात्री बाराला बदलत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, मग ती दुपारी संपो वा पहाटे. त्या दिवशी चतुर्थी दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. गणपतीची पूजा मध्यान्ही करायची प्रथा असल्यामुळे बाराच्या पूजेला काही प्रश्न नव्हता. पण ज्यांच्याकडे ‘गुरुजी सहा घरं आटपून येतात’, त्यांच्याकडे संध्याकाळी आकाशात पंचमी आणि तोंडात चतुर्थी अशी अवस्था असणार. सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसभर मानायची, असाही रिवाज आहेच, त्यामुळे कुणी भांडत नाही. तुम्हीही भांडू नका.

काळ झाला, आता जागा. जंबुद्वीप, त्यात भरतवर्ष, त्यात दंडकारण्य. हो, तेच रामायणातलं. म्हणजे तुमचा टू-बीएचके, संकल्पाच्या दृष्टीने, जंगलात आहे. त्याच ओघात एक शब्द येतो, ‘बौद्धावतारे’. पुराणांनी विष्णूच्या दहा अवतारांत बुद्धाला नववा मानलं आणि कल्की अजून यायचाय, त्यामुळे सध्याचा काळ बुद्धावताराचा. आपल्या घरच्या पूजेत दर वर्षी बुद्धाचं नाव घेतलं जातं, हे किती जणांना माहीत असतं? मांडवात या वाक्याला मोबाइलवरून माना वर झाल्या, हे मी स्वतः बघितलं.

आणि मग येते गोदावरी. महाराष्ट्रातल्या संकल्पात पत्ता सांगायची लँडमार्क म्हणजे ही नदी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम, तिथून आग्नेयेकडे वाहत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. दख्खनला आडवी छेदणारी एवढी मोठी रेघ दुसरी नाही. तिच्या खाली असाल तर ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’, वर असाल तर ‘उत्तरे तीरे’. मुंबई, पुणे, कोल्हापूर दक्षिणेत. छत्रपती संभाजीनगर उत्तरेत, कारण नदी त्याच्या खालून, पैठणवरून जाते. नागपूरही उत्तरेत. नाशिककरांची मजा वेगळीच. पंचवटीत उत्तर तीर आणि पूल ओलांडून गावात आलात की दक्षिण तीर.

आता प्रॉब्लेम ऐका. मावशीचं घर मूळ नागपूरचं. काका नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथलेच झाले. पण संकल्प त्यांनी त्यांच्या वडिलांकडून तोंडपाठ घेतलेला. त्यामुळे तीस वर्षं कोथरूडमध्ये बसून काका म्हणायचे, ‘उत्तरे तीरे’! मावसभावाच्या कानात तेच बसलेलं. मी स्क्रिप्टमध्ये ‘दक्षिणे’ लिहिलं तर तो म्हणाला, ‘‘ताई, बाबा उत्तरे म्हणतात.’’ आम्ही स्क्रिप्ट काकांना वाचून दाखवली. ‘दक्षिणे’ला त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. बोटाने वर दाखवलं. मावशी म्हणाली, ‘‘राहू दे रे. त्यांना तेच हवं असेल तर तेच म्हण.’’

प्रश्न भावनेचा होता, पण उत्तर असणारच होतं. सोसायटीत पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, संकल्पात दोन पत्ते असतात. एक तुम्ही आत्ता कुठे बसलायत त्याचा, तो नदीने सांगायचा. दुसरा तुम्ही कुठून आलायत त्याचा, तो गोत्राने सांगायचा. पहिला बदलतो, दुसरा बदलत नाही. म्हणून पुण्यात पूजा असेल तर दक्षिणे. उद्या नागपूरच्या घरी केली तर उत्तरे.

हे काकांच्या समोरच झालं. काकांनी थोडा विचार केला, मग हाताने खाली दाखवलं आणि हसले.

या लॉजिकने पुढचाही प्रश्न सुटतो. अमेरिकेतल्या मराठी घरात कुठलं तीर म्हणायचं? तिथल्या अनेक देवळांतले पुरोहित जंबुद्वीप सोडून ‘क्रौंचद्वीप’ म्हणतात. पुराणांत सात द्वीपं आहेत, त्यातलं एक त्यांनी अमेरिकेला देऊन टाकलं. कुणी पुढे तिथल्या नदीचं किंवा शहराचं नाव जोडतं. काही जण मात्र हट्टाने दंडकारण्यातच राहतात. मला विचाराल तर क्रौंचद्वीपवाल्यांचं बरोबर आहे. पत्ता सांगायचाच तर आत्ता बसलोय तिथला सांगावा.

आता नाव आणि गोत्र. गोत्र म्हणजे ज्या ऋषीच्या परंपरेतले आपण समजले जातो त्याचं नाव. माहीत नसेल तर काश्यप म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे ‘गोत्र माहीत नाही’ हे पाटावर न बसण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि पाटावर कुणी बसायचं? जोडपं बसलं तर नवरा संकल्प म्हणतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावते, ही नेहमीची रीत. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बाईने काय करायचं, ते रीत सांगत नाही. मी स्वतःच नाव घेऊन संकल्प म्हणते. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्री पुरोहित तयार केल्या, त्या पूजा सांगतात, लग्नं लावतात. त्यामुळे बाईच्या तोंडून हे शब्द ऐकण्याची शहराला सवय आहे. कमिटीत यावर थोडी कुजबुज झाली. स्क्रिप्टमध्ये मी ‘यजमान, मग तो किंवा ती’ असं लिहिलं आणि ते तसंच राहिलं.

नावाच्या जागेवर एक भारी गंमत होते. पूजेच्या छापील पुस्तकात नाव, गोत्र, संवत्सर या सगळ्यांच्या जागी ‘अमुक’ छापलेलं असतं. अमुकनाम संवत्सरे, अमुक गोत्रोत्पन्नः. म्हणजे काय, तर रिकामी जागा भरा. पण पुस्तक समोर धरून पहिल्यांदा पूजा करणारा नवखा माणूस टेन्शनमध्ये ते जसंच्या तसं वाचतो. झालं! त्या घरी श्री. अमुक यांनी, अमुक गोत्राच्या, अमुक वर्षी पूजा केली. तुमच्या इनबॉक्समध्ये नाव न भरलेलं मेल येतं ना, तसंच. रेकॉर्डिंग लावून पूजा करणाऱ्यांचं वेगळं. तिथे ‘आता आपलं नाव आणि गोत्र म्हणा’ असं सांगून पाच सेकंद जागा सोडलेली असते. तेवढ्यात कुणीतरी निरांजनासाठी काडेपेटी मागतं आणि जागा रिकामी जाते. म्हणून व्हिडिओत आम्ही एक पाटी दाखवली, फक्त सहा जागा असलेली. संवत्सर, महिना आणि पक्ष, तिथी, वार, नदीचं तीर, नाव-गोत्र. आदल्या रात्री पंचांग किंवा कालनिर्णय बघून या सहा जागा कागदावर भरून ठेवा. नक्षत्र आणि ग्रहांच्या राशी सोडल्या, तर बाकी मजकूर दर वर्षी तोच असतो.

नाव झालं की उद्देश. कुटुंबाचं क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य अशी मागणी येते. मग आज नक्की काय करणार ते, म्हणजे पार्थिव सिद्धिविनायकाची सोळा उपचारांनी पूजा. पार्थिव म्हणजे मातीचा, पृथ्वीचा. या वाक्यात दोन शब्द दडलेत, जे मला अख्ख्या संकल्पात सगळ्यात आवडतात. ‘यथाज्ञानेन’ आणि ‘यथामिलितोपचारद्रव्यैः’. पहिल्याचा अर्थ, मला जेवढं येतं तेवढ्या ज्ञानाने. दुसऱ्याचा अर्थ, जे साहित्य मिळालं त्या साहित्याने. म्हणजे शमीची पत्री मिळाली नाही, जानवं आणायला विसरलो, मंत्र अर्धे आले, हे सगळं करारात आधीच लिहिलेलं आहे! मावसभावाने हा शब्द तीनदा म्हणून घेतला. ‘‘हे बाबा पण म्हणायचे?’’ त्याने विचारलं. मावशी म्हणाली, ‘‘दर वर्षी.’’ सगळं पाठ असलेला माणूससुद्धा दर वर्षी हेच म्हणत होता.

आता तो शेवटचा शब्द. करिष्ये. अर्थ सोपा, ‘मी करीन’. पण संस्कृतात ‘मी करीन’ दोन प्रकारे म्हणता येतं, करिष्यामि आणि करिष्ये. शाळेत परस्मैपद आणि आत्मनेपद म्हणून ज्याचा रट्टा मारला, तेच हे. फरक काय? पाणिनीचं एक सूत्र सांगतं की काही धातूंच्या बाबतीत कामाचं फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद वापरायचं. ‘करणे’ हा धातू त्यातलाच. पूजा माझी, फळ माझं, म्हणून ‘करिष्ये’. दुसऱ्यासाठी करत असेन तर, व्याकरणाच्या हिशोबाने, ‘करिष्यामि’.

या सूत्रावर काशिका नावाची जुनी टीका आहे. तिच्यातली उदाहरणं वाचून मी खुर्चीवरून पडायची राहिले. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा पुरोहित, दुसऱ्यासाठी रांधणारा स्वयंपाकी आणि मजूर, या तिघांना आत्मनेपद नाही. मग शंका येते, पुरोहिताला दक्षिणा मिळते, मजुराला मजुरी मिळते, ते फळ नाही का? टीकाकार म्हणतो, मिळतं, पण ते काम त्यासाठी सुरू झालेलं नसतं. यज्ञ स्वर्गासाठी असतो, दक्षिणेसाठी नाही. म्हणजे पगार हे कामाचं फळ धरलेलं नाही! महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे वाक्य ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टाकून बघा.

पण गुरुजी थांबून ‘म्हणा’ का म्हणतात, ते इथे कळतं. आधीचं सगळं ते तुमच्या वतीने म्हणू शकतात. पाठ त्यांना आहे, उच्चार त्यांचे चांगले आहेत. शेवटचा शब्द मात्र ज्याची पूजा त्याच्याच तोंडून यायला हवा, कारण त्या शब्दाच्या रूपातच ‘माझ्यासाठी’ आहे. ‘यजमान’ हा शब्दही त्याच आत्मनेपदातून आलाय, स्वतःसाठी यजन करणारा. पाहुण्यांना चहा विचारणारा हा त्याचा नंतरचा अर्थ. काकांच्या बाबतीत मी गुरुजींना हळूच विचारलं होतं, ज्याला बोलताच येत नाही त्याने काय करायचं? त्यांनी सांगितलं, संकल्प मुळात मनाने करायचा असतो, शब्द त्याच्या मागून येतो. घरी येऊन मी अमरकोश उघडला. तिथे संकल्प या शब्दाचा अर्थ ‘मनाचं कर्म’ असाच दिलाय. मग पूजेच्या दिवशी मावसभाऊ पाटावर, काका शेजारी खुर्चीवर, आणि काकांचा हात त्याच्या खांद्यावर, असं ठरलं.

राहिलं पाणी. तळव्यावरचं पाणी सोडणं म्हणजे त्या वाक्याखालची सही. जुन्या काळी दान दिलं की हातावरून पाणी सोडायचे, तेव्हा तो व्यवहार पक्का व्हायचा. राष्ट्रकूट राजांच्या ताम्रपटांत गाव किंवा जमीन दान दिल्याची नोंद करताना ‘उदकातिसर्ग’, म्हणजे पाणी सोडून दिली, असा उल्लेख येतो. मागे फिरायला जागा नाही. आपण मराठीत ‘त्या पैशांवर पाणी सोड आता’ म्हणतो, ते याच पाण्याचं. उधार दिलेले पाच हजार परत येत नाहीत, तेव्हा आपण नकळत ताम्रपटाची भाषा बोलत असतो.

आणि हे पाणी कुठून सोडायचं यालाही नियम आहे. तळव्याचे चार भाग मानलेत, त्यांना तीर्थ म्हणतात. बोटांची टोकं म्हणजे देवतीर्थ, तिथून सोडलेलं पाणी देवांचं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा पितृतीर्थ, तिथून सोडलेलं पाणी पितरांचं. अंगठ्याच्या मुळाशी ब्रह्मतीर्थ, आचमनाचं पाणी तिथून प्यायचं. करंगळीच्या मुळाशी प्रजापतितीर्थ. गणपतीच्या संकल्पाचं पाणी बोटांच्या टोकांवरून, हात थोडा पुढे झुकवून ताम्हनात सोडायचं. नवखा माणूस हमखास तळवा अंगठ्याच्या बाजूला कलंडवतो, कारण मनगटाला ते सोपं जातं. तसं केलं की पाणी पितृतीर्थावरून जातं, म्हणजे गणपतीसमोर बसून तर्पण!

शूटिंग पूजेच्या चार दिवस आधी, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये झालं. हाताचा क्लोजअप मावसभावाचाच. लाइट सुंदर, ताम्हन चकाचक, पाण्याची धार एकदम सिनेमॅटिक. काकांनाही बघायला आणलं होतं. प्लेबॅक सुरू असताना त्यांनी अचानक टेबलावर टकटक केलं, स्वतःचा उजवा हात पुढे केला, अंगठा आत दुमडला आणि बोटं खाली वाकवून दाखवली. आम्ही क्लिप मागे घेऊन बघितली. धार अंगठ्याच्या बाजूने पडत होती.

तो शॉट परत घेतला.